दारातली पारख

त्या मोठ्या दुकानात तिला सगळे 'दारवाली' म्हणत. सौंदर्यप्रसाधनांच्या काउंटरवर चौदा वर्षं काढली तिने. पण गिऱ्हाईक आलं की फाउंडेशनच्या दोन-तीन बाटल्या हातात घ्यायची आणि त्याला सरळ दुकानाच्या दाराशी न्यायची. आधी आधी सहकारी हसत. "बघा, निघाली वरात," असं म्हणत.

दारवाली स्वतः सावळी होती. सावळीपेक्षाही गडद, आणि त्या गडदपणात पिवळसर ऊब. लहानपणी पाहुणे यायचे म्हटलं की आई तिच्या तोंडाला पांढरी पावडर थापायची. "जरा माणसात आल्यासारखी दिस," म्हणायची. एकदा मोठ्या काकांनी सगळ्यांसमोर विचारलं, "पोरगी चुलीत तोंड घालून आली का गं?" सगळे पोट धरून हसले. आईसुद्धा हसली. ते हसू ती विसरली नाही. पुढे हे काम पत्करलं, तेव्हा मनाशी एवढंच ठरवलं होतं की आपल्या हातून कुणाच्या तोंडाला राख फासली जाणार नाही.

तिची रीत साधी होती. चेहरा धुऊन कोरडा. मनगटावर बघायचं नाही, कारण हाताचा रंग आणि तोंडाचा रंग म्हणजे दोन सख्ख्या जावा, एका घरात राहून वेगळ्या. गालाच्या खालून जबड्याच्या कडेवरून गळ्यापर्यंत तीन शेडच्या तीन बारीक रेघा ओढायच्या. मग दारात, उन्हात नाही, सावलीतल्या उजेडात उभं करायचं. आतले दिवे लबाड; काही पिवळे, काही निळसर, आणि सगळेच गिऱ्हाइकाला खूश करायला लावलेले. वर दहा मिनिटं थांबायचं, कारण फाउंडेशन वाळलं की थोडं गडद होतं. त्यानंतर जी रेघ गालावरही दिसत नाही आणि गळ्यावरही दिसत नाही, ती आपली.

"सापडली की नाही?" बायका विचारायच्या.

"दिसेनाशी झाली म्हणजे सापडली," ती म्हणायची.

अडचण अशी की उबदार, गडद रंगाच्या बायकांची रेघ बहुतेकदा दिसेनाशी व्हायचीच नाही. कंपनीच्या गडद शेड होत्या दोन. एक गुलाबी अंगाची, म्हणजे आतून गुलाबी झाक मारणारी. ती लावली की चेहरा राखाडी पडायचा. दुसरी इतकी तांबूस की गंजलेला पत्रा बरा. दारवाली दोन शेड तळहातावर मिसळून वेळ मारून न्यायची आणि दर वर्षी कंपनीला लिहायची, सोनेरी अंगाच्या गडद शेड काढा.

अकराव्या वर्षी उत्तर आलं. कंपनीची एक अधिकारी बाई स्वतः आली, दारात उभी राहून तिचं काम बघत राहिली. म्हणाली, "ताई, तुमच्याशिवाय हे होणार नाही." पुढचं वर्षभर दारवालीने साठेक बायकांच्या जबड्यावर सहा नव्या शेडचे नमुने लावले, टिपणं पाठवली. त्यात एक शाळेतल्या बाई होत्या, चाळिशीच्या, गडद, कपाळ गालांहून काळं. सहावा, सगळ्यात गडद नमुना त्यांच्या गळ्यात असा मुरला की बाई आरशासमोरून हलेचनात.

"हीच येणार ना दुकानात?"

"येणार. मी सांगते ना," दारवाली म्हणाली.

नव्या शेड आल्या त्या चार. पाचवी आणि सहावी नव्हतीच. मॅनेजर म्हणाला, "आधी फिकट खपतात का बघू. गडद कोण घेतं?" आणि त्याच दमात, नजर चुकवत, "आणखी एक. शुभारंभाचा महिनाभर तुम्ही मागे, गोदामात बघा. पुढे ती नवीन मुलगी उभी राहील. कंपनीला जरा… उजळ चेहरा हवाय."

"उबदार, गडद रंगाच्या शेडसाठी?"

"आता तुम्ही शब्दांत पकडू नका ताई."

तिने पकडलं नाही. घरात नवरा दोन वर्षं अंथरुणावर होता. तोंडाला कुलूप लावण्याची सवय झाली होती. ती गोदामात खोकी उघडत राहिली.

चौथ्या दिवशी दाराच्या फटीतून शाळेच्या बाई दिसल्या. नव्या मुलीने दिव्याखाली त्यांच्या मनगटावर चौथी शेड लावली आणि म्हणाली, "वा मॅडम, किती खुललात!" बाईंनी इकडेतिकडे पाहिलं. "त्या दारवाल्या ताई नाहीत का?"

"त्या सुट्टीवर आहेत."

दारवाली खोक्यांमागे चार हातांवर उभी होती. एक हाक मारली असती तर पुरे होतं. ती चौथी, बाई, ती तुमची नाही, एवढंच. मॅनेजर तिथेच होता. तिने हाक मारली नाही.

आठवड्याने बाई परत आल्या त्या हातात ती बाटली आणि एक फोटो घेऊन. त्या मुख्याध्यापिका झाल्या होत्या. कार्यालयात लावलेला फोटो. गळा गडद, खरा. वर फिकट, मळकट राखाडी तोंड, जबड्याशी धारदार रेघ. जणू दुसऱ्याच बाईचं डोकं आणून ठेवलंय.

आता दारवाली काउंटरपाशी आली. बाईंनी तिला ओळखलं.

"तुम्ही सुट्टीवर होतात?"

खोटं बोलणं सोपं होतं. "नाही," ती म्हणाली. "मागे होते. बघत होते."

बाईंनी फोटो तिच्यापुढे धरला. "मुलं फोटोखाली खडूने 'भूत' लिहून गेली. मुलांचं काय, ती लिहिणारच. पण मी तुमच्या शब्दावर आले होते."

"चला, दारात चला, मी दोन शेड मिसळून—"

"नको. एकदा दारात नेलंत तेवढं पुष्कळ झालं."

बाटली उघडलेली, म्हणून मॅनेजरने ती परतही घेतली नाही. बाईंनी ती काउंटरवरच सोडली आणि गेल्या.

तक्रारी वाढल्या तेव्हा मॅनेजरने दारवालीला पुन्हा पुढे उभं केलं, मात्र एका अटीवर. दाराशी न्यायचं नाही. दाराशी गेलेलं गिऱ्हाईक विचार करायला लागतं. मग ती दिव्यांखालीच जबड्यावर रेघा ओढायची आणि हळूच सांगायची, "आज घेऊ नका. घरी जा, खिडकीशी आरसा धरा. दिसेनाशी झाली तरच उद्या या." गडद बायकांना तर ती सरळ म्हणायची, "तुमची आमच्याकडे नाही. आमची चूक आहे, तुमची नाही."

निम्म्या बायका परत येत नसत. चार महिन्यांत हे मॅनेजरच्या कानावर गेलं, आणि काय झालं ते सांगायला नकोच.

शाळा तिच्या घरापासून तीन गल्ल्या दूर. एकदा तिने जाऊन मुख्याध्यापिकांची माफी मागायचं ठरवलं. फाटकापर्यंत गेली. बाई मधल्या सुट्टीत पोरांना ओळीत उभं करत होत्या, तोंडाला काहीही न लावता. बाईंनी पाहिलं, आणि पाठ फिरवून मुलांना मोजायला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

दुकानातल्या शेवटच्या दिवशी मॅनेजरने तिला भेटीची पिशवी दिली होती, चौदा वर्षांच्या सेवेबद्दल. आत कंपनीचं फाउंडेशन. तिच्या रंगापेक्षा तीन पायऱ्या फिकट. सगळ्यांसमोर तिने ती घेतली, हसून "थँक्यू" म्हणाली. ते फेकून मारायचं तिला सुचलंही नाही, आणि नोकरी गेल्यापेक्षा तेच तिला पुढे कितीतरी दिवस खात राहिलं.