लोकरीच्या गालिच्यावर सोडा मी टाकला

साखर कारखान्याच्या गेस्ट हाऊसमधला लोकरीचा गालिचा फरासाने नासवला, असं आजही सांगतात. खोटं आहे ते. तो मी नासवला. मी तिथला स्टोअरकीपर होतो. घरचे म्हणतात, आता उकरून काय मिळणार? काही मिळवायला मी लिहीतच नाही.

एकोणीसशे सत्तरनंतरची, बहात्तरच्या दुष्काळाआधीची गोष्ट. फरास म्हणजे गालिचे-सतरंज्या सांभाळणारा. तो माझ्याच वयाचा; काम बापाकडून शिकलेला. नवा गालिचा झाडला की मूठभर लोकर निघायची.

"काय रे, टक्कल पाडतोस का त्याला?"

"भावसायेब, नव्या लोकरीचा सुटा धागा हाय. काही महिनं गळंल, मग थांबंल. तुमच्या हापिसातला गळत न्हाई, पर दारात बघा, कसा चपटा झालाय."

ऑफिसातला कृत्रिम धाग्याचा होता आणि दारापाशी खरंच दबला होता. लोकरीवर सोफ्याच्या पायाचा खड्डा पडला, तर फरास ओलं फडकं ठेवून इस्त्रीची वाफ द्यायचा, लोकर उठायची. तरीही लोकर गळते म्हणून मी त्याच्याविरुद्ध हलगर्जीपणाची लेखी तक्रार केली.

पुढे बैठकीत चहा सांडला. क्षणभर थेंब लोकरीवर तसेच उभे राहिले. फरासाने लगेच कोरडं फडकं दाबून बराचसा टिपला, मग थंड पाण्याचं फडकं दाबलं.

"चोळू नगा. फिक्कट डाग ऱ्हाईल, ऱ्हाऊ द्या."

दुसऱ्या दिवशी बडे पाहुणे यायचे होते. ऑफिसातला गालिचा गरम पाणी आणि धुण्याच्या सोड्याने स्वच्छ झालेला मी पाहिला होता. फरास जेवायला गेला, तेव्हा तसंच सोड्याचं कढत पाणी मी लोकरीवर ओतलं आणि ब्रशने घासलं. वाळल्यावर तिथली लोकर गुंता होऊन घट्ट बसली, पिवळी पडली. काठाचा लाल रंग आत पसरला.

मॅनेजरांनी विचारलं. मी म्हणालो, "फरासाने केलं." माझी जुनी तक्रार पुरावा ठरली.

फरासाने दोन्ही गालिच्यांच्या कडेचे धागे आणले आणि मॅनेजरांच्या टेबलावर कढत सोड्याच्या पाण्यात चोळले. ऑफिसातला तसाच राहिला. लोकरीची कडक गोळी झाली.

"मला हे ठावं असताना मी सोडा टाकीन व्हय? भावसायेब, सांगा की!"

मी खिडकीबाहेर बघत राहिलो. मॅनेजरांनी तरीही माफीनाम्याचा कागद त्याच्यापुढे सरकवला. त्याने हात लावला नाही.

"न केल्याची माफी? घालवा नोकरी."

ती गेली. तो जामखेडकडे गावी परतला.

तो आता नाही. गेल्या महिन्यात, इथवर लिहिलेला हा कागद घेऊन मी त्याच्या घरी गेलो. मुलाने पाणीही विचारलं नाही. दोन ओळी ऐकल्या आणि मला थांबवलं.

"मोठ्यानं वाचा. आई आत हाय, तिला कमी ऐकू येतं."

मी पहिल्यापासून, ओरडून वाचलं.