कुत्रं भुंकलं, पाहुणे आले

हरी भावे पाचगणीच्या एका निवासी शाळेत फ्रेंच शिकवत. मूळचे वाईचे, पन्नाशीचे, काटकुळे. १९४६ साली त्यांची नोकरी अजून तात्पुरतीच होती. ती कायम करणं शाळेच्या मंडळाच्या हाती होतं, आणि मंडळात रहिमतपूरकडचे बागायतदार आप्पासो यांचा शब्द चाले. आप्पासोंचा मुलगा मानसिंग भाव्यांच्याच वर्गात होता.

भूतकाळ शिकवताना भावे फळ्यावर रूपं मांडत बसत नसत, गोष्ट सांगत. "पाऊस पडत होता, म्हातारी दळत होती. हा नाटकातला मागचा पडदा. रोजची रीतही त्यातच. त्याला अपूर्ण भूतकाळ. दार वाजलं, म्हातारी उठली. गोष्ट पुढे सरकली. हा साधा भूतकाळ. फ्रेंच माणूस गोष्ट लिहिताना हे दोन्ही कधी मिसळत नाही."

शाळेच्या वार्षिक संमेलनात पालकांपुढे वाचण्यासाठी प्रत्येकाने फ्रेंचमध्ये गोष्ट लिहिली. मानसिंगची सर्वांत बिनचूक होती. पाऊस पडत होता. वडील गुंडा नावाच्या गड्याला चाबकाने मारत होते. आई दिवा लावत होती. तेवढ्यात कुत्रं भुंकलं. पाहुणे आले. आम्ही लाडू खाल्ले.

भाव्यांनी वही त्याच्यापुढे ठेवली.

"मानसिंग, यात घडलं काय?"

"कुत्रं भुंकलं की, सर. पाहुणं आलं."

"आणि गुंडा?"

"ते तर रोजचंच. पडद्यातलं. तुमीच सांगितलंत."

वर्ग खिदळला. चूक काढायला जागा नव्हती.

"तेवढं एक क्रियापद साध्या भूतकाळात घाल," भावे म्हणाले. "वडिलांनी मारलं. आता ती घटना झाली. मग पुढे काय झालं, ते लिहावं लागेल."

मानसिंगने टाक बुडवला आणि न अडखळता लिहिलं. गुंडा पडला. त्याचा हात मोडला. तो परत आला नाही.

संमेलनात मानसिंगने गोष्ट वाचली. पहिल्या रांगेतून आप्पासो म्हणाले, "मास्तर, आमाला काय कळलं न्हाई. मराठीत सांगा की."

नोकरी समोरच बसली होती. भाव्यांनी एकेक वाक्य सावकाश सांगितलं, गुंडाच्या हातासकट. 

आप्पासोंनी मांडीवर थाप मारली. "आयला! समदं ध्यानात ठेवलंय की पोरानं! लय तयार केलंत, मास्तर. तुमची नोकरी पक्की समजा."

आधी मुख्याध्यापकांनी टाळ्या वाजवल्या, मग पालकांनी. कुणीतरी लाडवांची बशी भाव्यांपुढे धरली.  त्यांनी बशी दूर सारली.

दुसऱ्या दिवशी राजीनामा देऊन ते घाट उतरले. पुढे वाईत शिकवण्या करत राहिले. पक्की होत आलेली नोकरी का सोडली, असं कुणी विचारलं, की भावे एवढंच सांगत:

"टाळ्या वाजल्या."