धाकटीच्या पाटलीवरचे शिक्के

कळंबला आमचं सराफी दुकान आहे. गल्ल्यावर नवरा बसतो आणि दुकानाचा फोन माझ्याकडे असतो. त्यावर दिवसभर दागिन्यांचे फोटो येतात. अंगठीची आतली बाजू, झुमक्याची फिरकी, मंगळसूत्राच्या वाटीची पाठ, आणि खाली एकच प्रश्न: "वहिनी, हे खरं आहे का?" बहुतेक फोटोंत सोनं कमी आणि अंगठ्याचं नख जास्त दिसतं.

त्या दिवशी ढोकीकडची एक बाई दुकानात आली. तिच्या आईचं सोनं सासऱ्यांच्या काळापासून आमच्याकडेच होतं, त्यामुळे ओळख जुनी. आई बरोबर बाजाराला आली होती, पण औषधांच्या दुकानात रांगेत उभी होती. बाईनं पिशवीतून एक पाटली काढून काचेवर ठेवली आणि मला फोन दाखवला. धाकट्या बहिणीनं पुण्याहून फोटो पाठवला होता. आईनं उन्हाळ्यात जोडीतली एकेक पाटली दोघींना वाटून दिली होती.

"तिचं म्हणणं, आईनं मला अस्सल दिली न् तिला नकली," बाई म्हणाली. "माझ्या पाटलीवरचे शिक्के तिच्यावर न्हाईत. चार दिस झाले, फोनवर धड बोलत न्हाई."

मी आधी काचेवरची पाटली भिंगाखाली धरली. आतल्या बाजूला पाच खुणा होत्या. हॉलमार्कचा त्रिकोण, ९१६, तपासणी केंद्राची खूण, वर्षाचं अक्षर आणि शेवटी आमच्याच दुकानाची खूण. सासऱ्यांनी ती पाटली या थोरलीच्या लग्नाच्या साली घडवली होती. ९१६ म्हणजे हजार भागांत नऊशे सोळा भाग सोनं, म्हणजे बावीस कॅरेट. यात वादाला जागा नव्हती.

मग फोटो. धाकटीनं तो फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यानं काढला होता, त्यामुळे सगळी अक्षरं उलटी आली होती. त्रिकोण तेवढा बरोबर वाटत होता, कारण तो उलटा-सुलटा सारखाच दिसतो. मी फोटो आरशासारखा पलटून अक्षरं सरळ केली. त्रिकोण, २२के९१६, आणि पुढं इंग्रजी अक्षरं-आकडे मिळून सहा खुणा. बाकी काही नाही.

"ही नवी पद्धत आहे," मी सांगितलं. "आता तीनच शिक्के असतात. हा शेवटचा सहा खुणांचा नंबर त्या एका दागिन्याचाच असतो. दुसऱ्या कुठल्याही दागिन्याला तो मिळत नाही. सरकारी अ‍ॅपमध्ये टाकला की कळतं."

टाकला. अशी नोंद नाही, असं उत्तर आलं.

बाईचा चेहरा उतरला. खरं तर अस्सल पाटली तिच्याच वाट्याला आली होती, म्हणजे ती जिंकली होती, पण तसं दिसत नव्हतं. "म्हंजे आईनं खरंच नकली दिली तिला?" ती खुर्चीवर बसली.

नवरा समोरच वजनकाटा पुसत होता. तो काटा सकाळीच पुसून झाला होता.

"लगेच असं धरू नका," मी म्हटलं. "फोटो धूसर आहे. यातला आठ आहे का इंग्रजी बी, ते मला नीट दिसत नाही."

धाकटीला व्हिडिओ कॉल लावला. ती ऑफिसातून जिन्यात आली. मी तिला सांगितलं, मागचा कॅमेरा लावा, पाटली खिडकीपाशी तिरकी धरा, वरून उजेड नको, बाजूनं पडू द्या. ती म्हणाली, "वहिनी, नकली असली तर सरळ सांगा, मी रडणार नाही," आणि रडली. नंतर फोटो पाठवला. हा चांगला होता. मी आठ धरलं होतं, ते बी निघालं.

नंबर पुन्हा टाकला. नोंद उघडली. दागिन्याचा प्रकार बांगडी, शुद्धता बावीस कॅरेट, तपासणी केंद्र लातूरचं, हॉलमार्कची तारीख तीनएक वर्षांपूर्वीची. खाली सराफाचं नाव.

नाव आमच्या दुकानाचं होतं.

मी नवऱ्याकडे पाहिलं. त्यानं काट्याची एक तबकडी काढली आणि उलटी बसवली.

"पाटली खरी आहे," मी दोघी बहिणींना सांगितलं. "पण ती जोडीतली नाही. नंतर घडवली आहे. इथंच."

"कुणी?" दोघींनी एकदम विचारलं.

"मला बोलता यायचं नाही," नवरा म्हणाला. "शब्द दिलाय."

एवढ्यात गोळ्यांची पिशवी घेऊन त्यांची आई आत आली. काचेवर पाटली, थोरली खुर्चीत, धाकटी फोनमध्ये आणि माझा नवरा खाली बघतोय, हे तिनं एका नजरेत पाहिलं. मग स्टुलावर बसून चहा मागितला.

"सांगितलं का यानं?"

"न्हाई," थोरली म्हणाली. "फोटोनं सांगितलं."

म्हातारीनं चहाची वाट पाहिली. चहा आला, बशीत ओतला, अर्धा पिऊन झाला, मग ती बोलली.

"हात सुजला हुता. पेंड कालवताना पाटली काढून टोपल्याच्या काठावर ठिवली. वळून बघती तर पाटली न्हाई, न् म्हैस तोंड चाटतीय."

थोरली खुर्चीत पुढं सरकली.

"आठ-धा दिस शेण चिवडलं म्या. शेजारीण इचारायची, काय करता मावशी? म्हणलं, खत बघतीय. काय घावलं न्हाई. शेवटी म्हैसच इकली. त्या पैशात या दादाकडून दुसरी घडवली. उरलेली पाटली नमुना म्हणून आणली हुती, अगदी तशीच नक्षी काढली यानं."

"आन् म्हैस घेणाऱ्याला सांगितलंस का?" थोरलीनं विचारलं.

"काय सांगू? पोटात सोनं आहे म्हणून भाव वाढवून मागू?"

फोनमधून धाकटी हसत होती की रडत होती, ते कळत नव्हतं. "आई, आम्हाला का नाही सांगितलंस गं?"

"जन्मभर तुमच्या मागं लागले, सोनं हातातनं काढू नका, काढू नका. आन् म्याच काढलं." तिनं बशी खाली ठेवली. "सांगितलं असतं तर तू म्हणली असतीस, आई इसरभोळी झाली, चल पुण्याला. मला न्हाई यायचं पुण्याला."

धाकटी जिन्याच्या पायरीवर बसली. ती तेच म्हणाली असती, हे तिलाही ठाऊक असावं.

थोरलीनं विचारलं, "वहिनी, दोन्हीत सोनं सारखंच ना?"

"शुद्धता तीच. वजनही तेवढंच घातलंय," या वेळी नवरा बोलला.

"मग ती नवी मला दे," थोरली फोनकडे बघून म्हणाली. "तू जुनी घे. तुला पाच शिक्क्यांचीच पायजे हुती ना?"

"आता नको," धाकटी म्हणाली. "मला माझीच राहू दे. ती आईनं स्वतः घेतलीय."

"माझ्या गोठ्यातनं आईकडं गेलेली म्हैस हुती ती. शेणघाण म्या काढलीय," थोरली म्हणाली.

चार दिवस जी पाटली नकली होती, तिच्यावरून दोघी आता भांडायला लागल्या. म्हातारीनं थोडा वेळ ऐकलं. मग काचेवरची पाटली उचलली, हाताला थोडं साबणाचं पाणी मागून घेतलं आणि स्वतःच्या मनगटावर चढवली.

"दिवाळीला येताना ती दुसरी घिऊन ये," ती फोनला म्हणाली. "म्या हाय तवर दोन्ही माझ्याच हातात ऱ्हातील. मागनं बघा काय ते."

त्या दोघी मायलेकी एसटी स्टँडकडे गेल्या. मी नवऱ्याला विचारलं, तीन वर्षं ही गोष्ट पोटात कशी राहिली? तो म्हणाला, गिऱ्हाईक म्हणालं सांगू नको, तर नाही सांगायचं. मी म्हटलं, आणखी काय काय आहे? त्यानं काट्याची तबकडी सरळ केली.

दिवाळीनंतरच्या आठवड्यात म्हातारी दोन्ही हातांत पाटल्या घालून दुकानात आली. हात सुजला तर पाटली न काढता थोडी मोठी करून मिळेल का, एवढंच विचारायचं होतं. नवऱ्यानं सांगितलं, मोठी करायची तर काढावी लागेल. ती म्हणाली, मग ऱ्हाऊ दे.