पट्ट्यात गेलेला हात

पुंजाराम गांगुर्डे निफाडहून बोईसरला आला तो ट्रेसर म्हणून. इतरांनी काढलेले नकाशे पातळ कागदावर गिरवायचे, एवढंच काम. 'मी चित्रकार आहे' ही थाप त्याची स्वतःची, आणि १९६७ साली ती अंगाशी आली.

कारखान्यात मराठी, हिंदी, तेलुगू, मल्याळम बोलणारे कामगार होते आणि पट्ट्यावर चालणाऱ्या यंत्रांत बोटं जात होती. व्यवस्थापकांनी शब्दाविना तीन मिनिटांची कार्टून फिल्म करायचं ठरवलं. फिल्म मुंबईत व्हायची. तिथे सेकंदाला बारा चित्रं काढत, म्हणून कशानंतर काय हे आधीच कागदावर पक्कं हवं. तो चित्रांचा आराखडा, म्हणजे स्टोरीबोर्ड, पुंजारामने मागून घेतला. अट एकच: कामगारांना कळला नाही, तर काम मुंबईच्या चित्रकाराकडे.

त्याने चोवीस चित्रं काढली. माणूस चालत्या पट्ट्यात अडकलेली चिंधी काढतो, हात जातो. पुढे तोच माणूस आधी खटका बंद करतो, मग चिंधी काढतो.

दुपारी कँटीनमध्ये त्याने एकेक चित्र धरून दाखवलं.

"कळलं?"

"सगळा समजला," किनाऱ्यावरच्या मुरबे गावचा महादू म्हणाला. होडी सोडून तो यंत्रांना तेल घालायला लागला होता. "हात गेला. मंग बरा झाला, कामावर आला. डाक्टर झकास हाय तुमचा."

तेलुगू फिटर अप्पारावने मान डोलावली. "हाथ गया, हाथ आया."

मल्याळी वेल्डरने दहाही बोटं उघडून दाखवली.

"माझी चित्रं चारही भाषांत कळली," पुंजाराम नंतर सांगे. "अर्थ तेवढा उलटा."

त्याने चित्रं गोळा केली. महादू म्हणाला, "पुंजाभाऊ, एकच मानूस दोनदा कशाला? दोन घ्या. एक शहाना, एक तुमच्यावानी."

व्यवस्थापकांकडून दोन दिवस मागून घेऊन पुंजाराम पुन्हा बसला. आता पहिल्याच चित्रात दोघे शेजारच्या यंत्रांवर. शहाण्याला टोपी, मूर्खाला चष्मा, लांब नाक आणि टक्कल, कारण आरशात तेवढंच सापडलं. खटका बंद केला तरी पट्टा लगेच थांबत नाही, म्हणून शहाण्याच्या थांबण्याला तीन चित्रं दिली. पट्ट्यावर पांढरा ठिपका काढला: वेगात फराटा, मंदावताना लांबट, थांबल्यावर गोल.

दुसऱ्यांदा दाखवताना व्यवस्थापक मागे उभे होते. चित्रं संपल्यावर त्यांनी अप्पारावला विचारलं, "क्या समझा?"

अप्पाराव उठला, हवेतला खटका खाली ओढला, हात पाठीमागे बांधून उभा राहिला, ठिपका थांबेपर्यंत. मग हात पुढे केला. मग पुंजारामकडे बोट दाखवून मनगट कापल्याची खूण केली. कँटीन हसलं.

चित्रं मुंबईला गेली, पुंजारामचीच. फिल्म आल्यावर नव्या भरतीला ती पहिल्याच दिवशी दाखवत. बाहेर पडताना एखादा तरी पुंजारामच्या टेबलापाशी थांबून त्याचा उजवा हात निरखून पाही.

"खोटा आहे," पुंजाराम सांगे. "लाकडी. म्हणून तर चित्रं अशी येतात."