पाती दाबून ठेव

कापूस बुडाला त्या वर्षांत शेतकऱ्यांची पोरं आर्णीतल्या माझ्या जिममध्ये पोलीस भरतीची तयारी करायची. गोळाफेकीसाठी डोक्यावर वजनाचा बार ढकलताना एक पोरगी म्हणाली, "सर, खांद्यात टोचून राह्यलं."

"नाटकं कायले करतं वं? खांद्याची पाती खाली दाबून ठेव!" मी सगळ्यांना हेच शिकवायचो, आणि वजन वाढवायचो.

पुढे तिचा हातच वर जाईना. दवाखान्यात डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, हात वर जाताना पाठीच्या अन् बरगड्यांवरच्या स्नायूंनी खांद्याचं पातं वर फिरवावंच लागतं. तिचं मी अडकवलं होतं. हाडाचा गोळा खोबणीत धरणाऱ्या लहान स्नायूंपैकी एकाची कंडरा, म्हणजे त्याला हाडाशी बांधणारी दोरी, घासून फाटली.

भरती हुकली. "माहाच खांदा कच्चा, सर," ती म्हणाली. मी होकारार्थी मान हलवली.