तात्यांची बँकेतली जन्मतारीख

मी सगळ्यात जास्त ऋणी आहे तो तात्यांचा, माझ्या थोरल्या चुलत्यांचा. वडील गेल्यावर त्यांनी फौजेच्या पेन्शनीतून मला शिकवलं. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी झालो तो त्यांच्यामुळं.

मागच्या वर्षी केवायसीच्या वेळी त्यांची जन्मतारीख जुळेना, म्हणून इस्लामपूरच्या बँकेनं खात्यातून पैसे काढणं थांबवलं. पेन्शन जमा व्हायची, हातात मात्र येत नव्हती. मी साताऱ्याहून रजा काढून गेलो.

काउंटरवरच्या बाईंनी कागद पाहिले. "आजोबा, आधार, पॅन, पेन्शनची ऑर्डर, सगळीकडं एकच तारीख आहे. आमच्याकडंच साल दोन वर्षं पुढचं पडलंय. एक अर्ज द्या, झेरॉक्सवर सह्या करा, मूळ कागद दाखवा. दुरुस्त होईल."

मी तिथंच अर्ज लिहिला. 'माझी खरी जन्मतारीख पुढीलप्रमाणे आहे.' तात्यांनी तो दोनदा वाचला, पेनाचं टोपण लावलं आणि उठले.

"आवं आजोबा, सही?"

"चष्मा इसरलोय," ते म्हणाले. चष्मा डोळ्यावरच होता.

स्टँडवर बाकड्यावर बसल्यावर बोलले. "लेका, भरतीला मी दोन वर्सं कमी पडत हुतो. आबांनी, तुझ्या आज्यानं, मास्तरला सांगून शाळंच्या दाखल्यात वाढवून घेतली. समद्या कागदांत तीच तारीख हाय. खरं साल लिवलंय त्ये ह्या बँकेनं, आन त्येबी चुकून!"

मला हसू आलं. त्यांना नाही.

"आता सही करून सांगू व्हय, ही माझी खरी तारीख म्हणून? उद्या कुनी इचारलं, फौजेला फसवलंस, तर पेन्शन जाईल. माझ्यामागं तुझ्या काकीनं काय खायाचं?"

मी खूप समजावलं. एसटी आली तशी ते एकटेच चढले. पुढं फोनवर हा विषय निघाला की काकीकडं फोन द्यायचे. काकीची रक्तदाबाची गोळी संपत आल्याचं तिच्याकडूनच कळलं. मग मी नवा अर्ज तयार केला आणि सोबत हे पत्र पाठवलं.

ती. तात्यांस,
सा. न.

बँकेतल्या बाईंशी बोललो. तुमच्या भरतीबद्दल काही सांगितलं नाही. नोंद कागदांशी जुळावी, एवढंच त्यांना हवं आहे. म्हणून अर्जातून 'खरी' हा शब्द काढला आहे. आता त्यात 'सोबतच्या कागदांप्रमाणे नोंद करावी' एवढंच लिहिलं आहे. तेवढं तरी खोटं नाही. तुमच्या मनातली भीती यानं जाईल असं मी म्हणत नाही. माझीही पुरती गेलेली नाही.

काकीच्या गोळ्या घेऊन रविवारी येतो. तुम्ही सही केली नाहीत तरी गोळ्या दर महिन्याला येतील.

माझ्या कॉलेजच्या फॉर्मवर पालक म्हणून सही करण्याआधी तुम्ही तो माझ्याकडून मोठ्यानं वाचून घेतला होता. हा अर्जही रविवारी मी वाचून दाखवीन. मग तुम्ही ठरवा.