न डोलणारा माणूस

हर्नियाच्या ऑपरेशनआधी नेपियर टाउनच्या दवाखान्यात भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "दारू पिता?"

"कधीकधी," मी म्हणालो.

बायको उसळली. "खोटं काहून बोलून राहिले? रोज पितात, मॅडम. तरी डोलत नाहीत, म्हणून दोस्तांना घरी सोडायला हेच जातात!"

तेव्हाही मला अभिमानच वाटला. त्या अभिमानाची आता किळस येते.

"ही ताकद नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "रोजच्या पिण्यानं यकृतात दारू मोडणारं एन्झाइम वाढलंय. मेंदूत ती जिथे काम करते ते रिसेप्टर कमी झालेत. भूलही जास्त लागेल. अंदाज चुकला तर टेबलावरच शुद्धीवर याल. शेवटची कधी घेतली?"

"आज सकाळी," मी म्हणालो.

बायकोनं खुर्ची दूर सरकवली. ऑपरेशन पुढे ढकललं गेलं.